ऑफिसच्या सहलीचा प्रस्ताव: तीन गट, एक जेवण आणि न कोसळणारा हिशोब

'शनिवारी कुठेतरी जाऊ या का?' असं विचारलं की वीस जण 'हो' म्हणतात आणि प्रत्यक्षात कुणीच निघत नाही. प्रस्ताव पाठवण्याआधी तीन गोष्टी ठरवून ठेवा.

जागा अशी निवडा की चढणारे, चालणारे आणि बसणारे एकाच ठिकाणाहून निघतील आणि जेवायला तिथेच परततील. टेकडीच्या पायथ्याचा तलाव यासाठी उत्तम. प्रकारांना 'सोपा' किंवा 'अवघड' म्हणू नका. रोज व्यायाम करणाऱ्याचं सोपं इतरांना दमवतं. त्याऐवजी अंतर, चढ आणि वेळ लिहा.

वेळ काढायला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ सालचा नियम पुरतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, टेकडी जाऊन-येऊन ८ किलोमीटर आहे आणि चढ ४५० मीटर. वर जायला ४८ अधिक ४५, म्हणजे ९३ मिनिटं, उतरायला ४८. पण हा आकडा न थांबता चालणाऱ्याचा. मिश्र गटासाठी दीडपट धरा: वर सुमारे १४० मिनिटं, खाली ७२. साडेआठला निघालात तर १०:५० ला, माथा आला असो वा नसो, मागे फिरायचं. हे प्रस्तावातच लिहा. डोंगरावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही, आणि खाली सगळे उपाशी ताटकळतात. दुसरा गट तलावाकाठी सपाट ४ किलोमीटर चालेल. तिसऱ्यासाठी सावली, खुर्च्या आणि जवळ स्वच्छतागृह हवं. नाहीतर तो गट नसून नुसती वाट पाहणारी माणसं ठरतात.

आता पैसे. बसभाडं माणसं घटली म्हणून कमी होत नाही, जेवणाचा खर्च होतो. बस २० जणांत प्रत्येकी १०० पडत असेल, तर १६ जणांत १२५ पडेल. गळती होतेच, म्हणून वर्गणी १६ वर काढा. उरले तर परत करा. नंतर जास्तीचे मागणं फार जड जातं. रद्द करणाऱ्याला जेवणाचे पैसे जेवणवाल्याला संख्या कळवेपर्यंत परत, बसचे नाहीत.

मग संदेश असा:

'मंडळी, या किंवा पुढच्या शनिवारी सहल. क) टेकडी, ८ किमी, ४५० मीटर चढ, साडेतीन तास. साडेआठला निघू, १०:५० ला जिथे असू तिथून मागे फिरू. ख) तलावाकाठी ४ किमी, सपाट, दीड तास थांबत-थांबत. ग) तलावाकाठी बैठे खेळ, चालणं नाही. साडेबाराला सगळे एकत्र जेवू. जमणारी तारीख आणि अक्षर बुधवारी संध्याकाळपर्यंत फक्त मला कळवा. कारण सांगायची गरज नाही.'

'फक्त मला' हे शब्द वगळू नका. सगळ्यांसमोर ग निवडायला संकोच वाटतो, मग गुडघा दुखणारा माणूसही क लिहून मोकळा होतो.