फ्लॅटचा ताबा घेताना बिल्डरला दुरुस्तीचं पत्र कसं लिहायचं

नागपूरच्या बेसा, मनीषनगर भागात सध्या ताबा देणं सुरू असलेल्या बऱ्याच स्कीममध्ये लोक साइट इंजिनिअरला तोंडी सांगतात की टाइल हलतेय, दार घासतंय, तो मान हलवतो आणि पुढे काहीच होत नाही, म्हणून हे सगळं पत्रातच गेलं पाहिजे.

आधी फ्लॅट दिवसाउजेडी बघा. बाथरूमच्या फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि थोडं थांबा, सगळं पाणी जाळीकडे गेलं तर ढाळ बरोबर, कोपऱ्यात साचलं तर चुकला. टाइल नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला की खाली मसाला भरलेला नाही, ती पुढे सुटणार, तिच्यावर खडूने खूण करा आणि खूण दिसेल असा फोटो घ्या. कूलरचा पॉइंट चालू आहे का तेही बघा, नागपुरात एप्रिल लागला की तोच आधी लागतो.

आता पत्र. "बाथरूमचं काम खराब आहे" असं लिहिलं तर बिल्डरचा माणूस थोडं ग्राउट भरून काम झालं म्हणेल. म्हणून प्रत्येक ओळीत जागा, दोष, काय करून हवं आणि तारीख, चारही येऊ द्या:

"मास्टर बेडरूमचं बाथरूम: दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचतं (फोटो 3). फरशी काढून जाळीकडे ढाळ देऊन पुन्हा बसवावी, आणि टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी आमच्यासमोर करावी. काम सुरू होण्याची व संपण्याची तारीख कळवावी."

चाचणीचं वाक्य गाळू नका, कारण फरशी काढताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटू शकतो आणि मग ओल खालच्या फ्लॅटच्या छताला दिसते. पेंटिंगची तारीख सगळ्यात शेवटी मागा, नाहीतर नवीन रंगावर फोडाफोडीची धूळ बसते.

शेवटी लिहा: "रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ही कामं 30 दिवसांत, वेगळे पैसे न घेता करून द्यावीत. प्रत्येक कामाची तारीख 7 दिवसांत लेखी कळवावी." यातले 30 दिवस कायद्यातले आहेत, 7 दिवस आपण मागतोय. या कलमात बांधकामाच्या कामातले दोष ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत येतात, पण तुम्ही स्वतः भिंत फोडून काही बदललं तर तो भाग बिल्डर नाकारणार, म्हणून इंटिरिअरवाल्याला आत घेण्याआधी पत्र द्या.

ताबा पावतीवर "काम समाधानकारक, तक्रार नाही" असं छापलेलं असेल तर ती ओळ खोडून "सोबतच्या यादीतील दुरुस्त्या बाकी" असं लिहा, मगच सही करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच पत्र ईमेलही करा. 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे तक्रार करताना हीच पोच आणि हेच फोटो जोडायचे.