अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावा, पण नको ते शॉट वगळा

हळदीच्या व्हिडिओत चाळीसएक क्लिपना एकच उबदार रंग द्यायचा असेल, तर प्रत्येक क्लिपवर इफेक्ट पेस्ट करत बसू नका. प्रीमिअर प्रोमध्ये प्रोजेक्ट पॅनेलमधून New Item > Adjustment Layer घ्या, V1 वरच्या क्लिपवर V2 मध्ये पसरवा आणि Lumetri Color त्या लेयरलाच लावा. लेयरचा परिणाम फक्त त्याच्या खालच्या ट्रॅकवर होतो, आणि वगळण्याची युक्ती यातच आहे.

समजा, मोबाइलवरचे दोन शॉट आधीच पिवळसर आहेत. लेयरखाली ते भगवे दिसू लागतील. ते V1 वरून सरळ वर, V3 वर ओढा. वेळ मात्र पुढेमागे सरकू देऊ नका. नावांच्या पट्ट्याही V3 किंवा त्यावरच ठेवा, नाहीतर पांढरी अक्षरं पिवळी पडतात.

शॉटच्या टोकाला क्रॉस डिझॉल्व्ह असेल तर ट्रॅक बदलताच तो तुटतो, कारण दोन्ही क्लिप एकाच ट्रॅकवर लागतात. अशा वेळी क्लिप हलवू नका. रेझरने लेयर कापून मधला तुकडा काढा आणि डिझॉल्व्हइतक्याच वेळात लेयरच्या Opacity ला कीफ्रेम देऊन तो विरवा. शेवटी V2 चा डोळा बंद-चालू करून पाहा: वगळलेला शॉट जराही बदलता कामा नये.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सची दुरुस्ती मात्र क्लिपवरच करावी. प्रत्येक शॉटचं दुखणं वेगळं असतं, लेयर ते झाकत नाही.