क्यू-क्यू प्लॉट कसा वाचावा: मुंबईच्या घरभाड्यांचं एक उदाहरण

कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यातल्या ६० फ्लॅटची माहिती तुमच्याकडे आहे असं धरू: महिन्याचं भाडं, कार्पेट एरिया आणि स्टेशनपर्यंत चालत लागणारी मिनिटं. भाड्यावर साधं रिग्रेशन चालवलं आहे आणि आता रेसिड्युअल, म्हणजे खऱ्या भाड्यातून अंदाजित भाडं वजा केल्यावर उरणारे फरक, साधारण नॉर्मल आहेत का ते पाहायचं आहे. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण भाड्यांच्या माहितीत असा नमुना बऱ्याचदा दिसतो.

भाड्याचाच हिस्टोग्राम काढून ‘हे नॉर्मल नाही’ म्हणत बसू नका. नॉर्मल असण्याची अट रेसिड्युअलसाठी आहे, भाड्यासाठी नाही.

```r
m <- lm(bhade ~ area + minite, data = d)
plot(m, which = 1)
plot(m, which = 2)
```

आधी पहिला प्लॉट, म्हणजे अंदाजित भाड्यासमोर मांडलेले रेसिड्युअल. हा क्रम मोडू नका. बिंदूंचा पसारा डावीकडून उजवीकडे रुंदावत गेला, तर लहान घरांच्या छोट्या चुका आणि मोठ्या घरांच्या मोठ्या चुका क्यू-क्यू प्लॉटमध्ये एकत्र मिसळतात. प्रत्येक घराची चूक नॉर्मल असली तरी अशा मिश्रणाच्या शेपट्या जड दिसतात आणि तुम्ही भलत्याच आजारावर औषध शोधत बसता. आपल्या ६० घरांत पसारा फारसा रुंदावत नाही असं धरून पुढे जाऊ.

दुसरा प्लॉट म्हणजे क्यू-क्यू. शाळेच्या प्रार्थनेला दोन तुकड्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या आणि क्रमाने एकेकाला समोरच्याशी ताडून पाहिलं, तसं इथे होतं. एका रांगेत तुमचे स्टँडर्डाइज्ड रेसिड्युअल लहानापासून मोठ्यापर्यंत, दुसऱ्या रांगेत ६० नॉर्मल आकड्यांकडून त्या-त्या क्रमांकाला अपेक्षित असलेली किंमत. सर्वात मोठ्याला अपेक्षित २.३९, त्याच्या खालच्याला १.९६, तिसऱ्याला १.७३. खालच्या टोकाला हेच आकडे उणे. प्रत्यक्ष आणि अपेक्षित किमती जुळल्या तर बिंदू प्लॉटवरच्या तिरप्या रेषेवर पडतात.

आकार बघण्याआधी अक्ष वाचा. आर या भाषेत तुमचे रेसिड्युअल उभ्या अक्षावर येतात. एसपीएसएसच्या क्यू-क्यू प्लॉटमध्ये ते आडव्या अक्षावर जातात, आणि मग पुस्तकातली सगळी चित्रं उलटी लागू होतात. मी पुढे लिहितोय ते उभ्या अक्षासाठी.

आता आपल्या भाड्यांकडे बघू. वरचे तीन रेसिड्युअल ३.९, २.७, २.२ आणि खालचे तीन -१.६, -१.५, -१.३. वरचं टोक २.३९ ऐवजी ३.९ वर आहे, म्हणजे रेषेच्या वर. खालचं टोक -२.३९ ऐवजी -१.६ वर आहे, म्हणजे तेही रेषेच्या वरच. दोन्ही टोकं वर आणि मधला भाग किंचित खाली, असा खोलगट आकार म्हणजे उजवीकडे झुकलेलं वितरण: थोडी घरं अंदाजापेक्षा खूप महाग, पण अंदाजापेक्षा तितकंच स्वस्त घर एकही नाही. दोन्ही टोकं रेषेखाली असती तर झुकाव डावीकडे. डावं टोक खाली आणि उजवं वर असेल तर दोन्ही शेपट्या जड, आणि त्याच्या उलट असेल तर दोन्ही हलक्या.

इथपर्यंत कोणीही शिकवतं. मला जड गेली ती पुढची पायरी: किती ढळलं म्हणजे खरंच ढळलं? ‘बिंदू साधारण रेषेवर असले पाहिजेत’ या सल्ल्याचा काही उपयोग नाही, कारण पूर्ण नॉर्मल आकडे घेतले तरी टोकाचे बिंदू रेषेवर बसत नाहीत. मधल्या भागात शेजारच्या दोन बिंदूंच्या अपेक्षित किमतींत जेमतेम ०.०४ चं अंतर असतं, तर शेवटच्या दोघांत ०.४३ चं. मधे गर्दी असल्यामुळे बिंदू एकमेकांना जागेवर धरून ठेवतात, टोकाला असा आधार नसतो. ६० नॉर्मल आकड्यांचे नमुने पुन्हा पुन्हा काढले तर मधली किंमत साधारण ०.१६ ने हलते, पण सर्वात मोठी किंमत ०.४५ च्या आसपास हलते. त्यामुळे टोकाचा एकटा बिंदू अर्ध्या एककाने सरकला म्हणून घाबरू नये. मधले दहा-पंधरा बिंदू सलग एकाच दिशेने वाकले, तर मात्र ते गंभीरपणे घ्यावं.

नॉर्मलपणा तपासणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीचा पी ०.०५ च्या खाली की वर, एवढ्यावर निर्णय सोपवण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. हजारो घरं असली की निरुपद्रवी वाकही पी खाली आणतो. वीसच घरं असली तर चांगलाच झुकाव निसटून जातो. शिवाय बिघाड कोणत्या बाजूला आहे हे तो आकडा सांगतच नाही.

त्यापेक्षा नजरेला सराव द्या. तुमच्याच मॉडेलमधून खोटे नॉर्मल रेसिड्युअल आठ वेळा तयार करा आणि त्यांच्यात खरा प्लॉट लपवा:

```r
z <- rstandard(m)
khara <- sample(9, 1)
par(mfrow = c(3, 3))
for (i in 1:9) {
  v <- if (i == khara) z else
    rstandard(lm(rnorm(nrow(d)) ~ area + minite, data = d))
  qqnorm(v, main = i, ylim = c(-4, 4))
  qqline(v)
}
```

`ylim` काढू नका. प्रत्येक चौकटीची पट्टी वेगळी झाली की तुलना संपली. `khara` मधला आकडा पाहण्याआधी, मूळ प्लॉट न पाहिलेल्या कोणाला तरी विचारा की वेगळा कोणता वाटतो. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता नऊत एक आहे, म्हणून शंका असेल तर नवी चित्रं काढून दुसऱ्या माणसाला दाखवा. आठ खोट्या चित्रांतही टोकं कशी भटकतात ते दिसलं की ‘रेषेवर’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो. आपल्या भाड्यांचा खोलगट प्लॉट मात्र बघणारा लगेच ओळखेल.

टोकाचं महागडं घर काढून टाका, हा सल्ला ऐकू नका. ३.९ वालं घर आधी तपासा. एक शून्य जास्त टाइप झालंय का, भाड्यात फर्निचर आणि पार्किंग धरलंय का? नोंद बरोबर असेल तर घर राहील. शिवाय ते काढलं तरी खालचं टोक रेषेच्या वरच राहणार, कारण झुकाव एका घरामुळे आलेला नाही.

भाड्याचा लॉगरिदम घेऊन मॉडेल पुन्हा चालवा, म्हणजे `log(bhade) ~ area + minite`. आता टोकं २.६ आणि -२.१ वर येतात, मधला वाक जातो आणि नऊ चित्रांत आपलं चित्र ओळखू येत नाही. पण गुणकांचा अर्थ बदलला हे लक्षात ठेवा: एक मिनिट जास्त चालावं लागलं तर भाडं किती रुपयांनी नाही, साधारण किती टक्क्यांनी बदलतं ते आता कळतं.

हे सगळं किती ताणायचं ते तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. ६०० घरं आहेत आणि एरियाचा गुणक तेवढा हवा आहे, तर मध्यम झुकावाने त्याच्या विश्वास-अंतराला फारसा धक्का बसत नाही. पण एखाद्या नव्या फ्लॅटचं भाडं ९५ टक्के खात्रीने कोणत्या दोन आकड्यांमध्ये असेल हे सांगायचं असेल, तर घरं कितीही असोत, शेपट्या नीट असायलाच हव्यात. रुपयांतलं मूळ मॉडेल अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर सोडतं, आणि आपल्या भाड्यांत वरची बाजू खालच्यापेक्षा कितीतरी लांब आहे.