डुप्लिकेट व्हिडिओ शोधताय? या चुका टाळा, नाहीतर दोन लग्नं एक होतील

गंगापूर रोडला मित्राचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे, त्याच्या डिस्क भरल्या म्हणून मी स्क्रिप्ट लिहून दिली. सेकंदाला एक फ्रेम काढायची, तिचा पीहॅश, म्हणजे चित्राचा ६४ बिटचा ठसा, काढायचा आणि दोन हॅशमध्ये ८ पर्यंत बिट वेगळे असले तरी मॅच धरायचं. पहिल्याच रनला पंचवटीतलं एक लग्न आणि सिडकोतलं दुसरंच लग्न, दोन्ही "सेम" म्हणून आले. डिलीट करायच्या आधी उघडून बघितलं म्हणून वाचलो.

हॅशची फाईल उघडली तर ओळीच्या ओळी अशा:

```
0000000000000000
```

म्हणजे काळी फ्रेम. पीहॅश फ्रेममधला उजेड-अंधाराचा ढोबळ आकार पकडतो आणि काळ्या पडद्यावर पकडायला काहीच नसतं, त्यामुळे जगातल्या सगळ्या काळ्या फ्रेम एकमेकींच्या जुळ्या बहिणी. लग्नाच्या व्हिडिओत फेड तर दर दोन मिनिटांनी असतो. अशा सपाट फ्रेम आधीच गाळा:

```python
g = np.array(img.convert("L"))
if g.std() < 10:
    continue
```

१० हा माझा आकडा आहे, तुमच्या फुटेजवर तपासून घ्या, रात्रीची वरात उगाच गाळली जायची.

एवढं करूनही ती दोन लग्नं चिकटलेलीच, कारण स्टुडिओचं १२ सेकंदांचं गणपतीचं टायटल दोन्हीला होतं. खरी चूक इथे होती, मी नुसत्या मॅच झालेल्या फ्रेम मोजत होतो. मोजायचा असतो वेळेतला फरक. एका कॉपीतून सुरुवातीचे १४ सेकंद कापलेले असतील तर तिथून पुढची प्रत्येक फ्रेम १४ सेकंदांच्याच फरकाने जुळते, सेकंदभर इकडेतिकडे चालतं. या लग्नांत टायटलच्या १२ फ्रेम शून्य फरकाने जुळल्या आणि बाकीच्या मॅच कुठे ४०, कुठे ३१०, नुसता विस्कटलेला पसारा. आता मी एकाच फरकाने सलग किमान ६० सेकंद जुळलं तरच जोडी धरतो.

ऑडिओवर तर आंधळा विश्वास नकोच. हळदीला सगळ्यांना तीच गाणी लागतात, एडिटिंगमध्ये मूळ आवाज काढून वर गाणं चढवलं की वेगळे व्हिडिओही मॅच होतात. आणि आवाजाचा ठसा काढणारं fpcalc हे टूल स्वतःहून फक्त पहिले १२० सेकंदच बघतं हे मला दोन दिवसांनी कळलं (डोकं धरलं!). पूर्ण फाईलसाठी:

```
fpcalc -raw -length 0 lagna.mp4
```

आवाज जुळला पण चित्र नाही तर ते बहुतेक गाणंच. चित्र जुळलं पण आवाज नाही तर गाणं बदललेली कॉपी असू शकते, ती मित्राला विचारल्याशिवाय उडवत नाही, कारण पार्टीला कुठली दिलीय ते त्यालाच माहीत.