पेपरच्या कडेला प्रश्न तुटला असेल तर काय लिहायचं

डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी हे लिहितोय. मी सिव्हिलच्या मुलांना मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स शिकवतो आणि पेपरही तपासतो. क्लास टेस्टचे पेपर कॉलेजातच झेरॉक्स होतात. कागद मशीनवर थोडा जरी सरकला, तरी उजव्या कडेचे एक-दोन शब्द गायब होतात. फायनलच्या पेपरमध्ये हे क्वचित होतं, पण होतं.

पेपर हातात आला की आधी उजवी कड बघा. प्रश्नाचे मार्क तिथेच छापलेले असतात. मार्कांचा रकाना अर्धवट दिसत असेल किंवा दिसतच नसेल, तर ओळींची शेवटची अक्षरंही धोक्यात आहेत असं समजा. तुटलेलं वाक्य वाचताना लगेच अडखळायला होतं, त्यामुळे ते लक्षात येतं. तुटलेला आकडा मात्र सहज फसवतो. २०चा शून्य कडेबाहेर गेला तर २ उरतो, आणि तो अगदी पूर्ण आकडा दिसतो.

शंका आली तर हात वर करून पर्यवेक्षकांना सांगा आणि दुसरी प्रत मागा. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावू नका. तपासणीसाकडे पूर्ण प्रश्न असतो, त्यामुळे चांगली प्रत मिळण्यासारखी असताना गृहीतक लिहीत बसण्यात शहाणपण नाही. सगळ्याच प्रती तशा असतील, किंवा सांगूनही वेळेत काही हाती येत नसेल, तेव्हाच पुढचा मार्ग.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा आहे: ६ मीटर स्पॅनच्या सिम्पली सपोर्टेड बीमवर पूर्ण स्पॅनभर २० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल आहे, आणि ३० किलोन्यूटनचा पॉइंट लोड २ मीटर अंतरावर आहे, कुठून ते मात्र कडेला तुटलंय. एसएफडी, बीएमडी काढा आणि जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट सांगा.

बहुतेक मुलं मनातल्या मनात डावा सपोर्ट धरतात आणि थेट रिअ‍ॅक्शन काढायला लागतात. आता समजा, मूळ प्रश्नात उजवा सपोर्ट होता. तपासणीसाच्या हातात मॉडेल आन्सर आहे. त्यात डावी रिअ‍ॅक्शन ७० आहे, तुमची ८०. एसएफडी उलटी, बीएमडीचं शिखर दुसऱ्या बाजूला. पेपर तुटला होता हे त्याला कुठून कळणार? त्याच्या दृष्टीने मुलानं प्रश्न चुकीचा वाचला. ढिगातला पेपर आहे, तो थांबून तर्क करत बसत नाही.

म्हणून उत्तराच्या अगदी वर, आकृतीच्याही आधी, दोन ओळी लिहा: ‘प्रश्नात “२ मीटर” या शब्दांनंतरचा मजकूर छपाईत तुटला आहे. पॉइंट लोड डाव्या सपोर्टपासून (A) २ मीटरवर आहे असे गृहीत धरले आहे.’ पेपर इंग्रजीत लिहीत असाल तर हेच इंग्रजीत. भोवती चौकट करा. नुसतं ‘योग्य माहिती गृहीत धरली’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. काय वाचता आलं, काय तुटलं आणि तुम्ही काय धरलं, हे तिन्ही दिसायला हवं. मग आकृतीत A आणि B लिहा, लोडचं अंतर दाखवा आणि नेहमीसारखं सोडवा:

```
R_A = 60 + 30×4/6 = 80 kN
R_B = 60 + 30×2/6 = 70 kN
SF (x = 2 m, load च्या डावीकडे)  = 80 - 40 = 40 kN
SF (x = 2 m, load च्या उजवीकडे) = 40 - 30 = 10 kN
SF = 0:  10 - 20(x - 2) = 0,  x = 2.5 m
M = 80×2.5 - 20×2.5²/2 - 30×0.5 = 122.5 kN·m
```

आता लोड उजव्या सपोर्टपासून २ मीटरवर आहे असं धरून बघा. रिअ‍ॅक्शनची अदलाबदल होते, आकृत्या आरशातल्यासारख्या उलटतात, पण जास्तीत जास्त मोमेंट १२२.५ च राहतो, फक्त तो उजवीकडून २.५ मीटरवर येतो. वेळ असेल तर उत्तराखाली ही एक ओळ जरूर जोडा: ‘लोड उजव्या सपोर्टपासून असल्यास रिअ‍ॅक्शन उलट, कमाल मोमेंट तेवढाच.’ तपासणीस म्हणून सांगतो, अशी ओळ दिसली की मुलाला बीम समजलाय याबद्दल शंका उरत नाही.

प्रत्येक तुटलेला शब्द इतका निरुपद्रवी नसतो. समजा, लोड डावीकडून आहे हे स्पष्ट छापलंय, पण यूडीएल कुठल्या भागावर आहे ते तुटलंय. पूर्ण स्पॅनवर धरलं तर मोमेंट १२२.५, फक्त डाव्या अर्ध्या भागावर धरलं तर ९०. इथे गृहीतकावर उत्तरच बदलतं, म्हणून आधी पुरावा शोधा. सोबत आकृती आहे का? पुढच्या उपप्रश्नात तोच बीम पुन्हा आलाय का? तोडलेला शब्द किती मोठा असेल याचाही अंदाज कडेच्या जागेवरून येतो. आकडे सरळ सुटले म्हणून तेच बरोबर असं मात्र समजू नका. तो इशारा आहे, पुरावा नाही. काहीच सापडलं नाही तर पूर्ण स्पॅन धरा, आणि तसं लिहा.

तुटलेल्या आकड्यासाठी एकक कामाला येतं. बीमची रुंदी २३० मिलिमीटर आणि खोली ‘४५’ एवढंच दिसत असेल, तर २३० रुंद बीमची खोली ४५ मिलिमीटर असणं शक्य नाही. ४५० धरा आणि कारणासकट लिहा: ‘खोलीचा शेवटचा अंक तुटला आहे; रुंदी २३० असल्याने खोली ४५० मिमी गृहीत धरली.’ मग सेक्शन मॉड्युलस ७७,६२,५०० घन मिलिमीटर येतो आणि १२२.५ किलोन्यूटन-मीटरला बेंडिंग स्ट्रेस सुमारे १५.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ४५ धरून गणित केलं असतं तर स्ट्रेस शंभरपट, म्हणजे पंधराशेच्या वर गेला असता. साधं स्ट्रक्चरल स्टील २५० च्या आसपास यील्ड होतं. उत्तर असं वेडंवाकडं आलं की आधी गणित तपासा, आणि लगेच पेपरची कडही.

याला आधार आहे का, असं मुलं विचारतात. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पेपरवर सूचनांमध्ये ‘आवश्यक असल्यास योग्य माहिती गृहीत धरा’ या अर्थाची ओळ असते. मंडळाच्या मॉडेल आन्सरच्या सुरुवातीला परीक्षकांसाठी सूचना असतात. गणितांना पायरीपायरीने गुण द्यावेत आणि गृहीत धरलेल्या स्थिरांकांमुळे उत्तरात फरक पडू शकतो, असं तिथे म्हटलंय. हे स्थिरांकांबद्दल आहे, तुटलेल्या छपाईबद्दल नाही. त्यामुळे पूर्ण गुणांची हमी मी देत नाही. पण रिअ‍ॅक्शन, एसएफडी, बीएमडी या पायऱ्या तुमच्या गृहीतकाला धरून बरोबर असतील, तर गुण द्यायला तपासणीसाकडे कारण असतं. न सांगता लावलेल्या अंदाजात ते कारणच नसतं.

एका ठिकाणी मात्र गृहीतक चालत नाही, ते म्हणजे प्रश्नाची मागणीच तुटली असेल तर. ‘एसएफडी आणि’ एवढंच दिसतंय, पुढे कोरं. इथे ‘फक्त एसएफडी विचारली आहे असे धरले’ असं लिहून सुटका करून घेऊ नका, कारण तपासणीस त्याचे गुण देऊ शकत नाही. बीएमडीही काढा, कमाल मोमेंट आणि त्याची जागा लिहा. शिअरचं चिन्ह बदलतं ते बिंदू आधीच हातात असतात, त्यामुळे जास्तीचं काम फारसं पडत नाही.