तळणीचा रंग फोटोवरून पारखताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी आमच्याकडे दोघी-तिघी जणी आपापल्या घरी वेफर्स आणि बटाट्याची सळी तळतात. पॅकिंग माझ्याकडे असतं. रोज कुणाच्या घरी जाणं जमत नाही, म्हणून घाणा झाला की फोटो येतो आणि तो पाहून "चालेल" की "नको" हे मी कळवते. या पद्धतीत मी दोन्ही बाजूंनी फसले आहे. चांगला माल नाकारला आणि कडू माल पास केला.

पहिली चूक उजेडाची. रात्री नऊ वाजता वहिनींचा फोटो आला. वेफर्स तांबूस, कडा तर विटकरी. मी लिहिलं, "हे सगळं करपलंय, पुढचा घाणा मंद आचेवर करा." सकाळी डबा उघडला तर माल पिवळाधमक, एकही काप लाल नव्हता. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब होता आणि ताट पांढरं शुभ्र. पिवळ्या उजेडाने सगळ्यावर तांबूस झाक चढते. फोन ती थोडीफार काढतो, पूर्ण काढत नाही. त्यात पांढरं ताट चौकटभर असलं की कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटतं, तो उजेड कमी करतो आणि मधले वेफर्स आणखी गडद येतात.

काळ्या तव्यावर किंवा गडद ट्रेमध्ये ठेवून फोटो काढला की बरोबर उलटं होतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि तपकिरी माल सोनेरी दिसतो. मी कडू माल पास केला तो असाच. शिवाय बऱ्याच फोनमध्ये खाद्यपदार्थांसाठी वेगळा मोड असतो. तो रंग भडक करतो. फोटो छान येतो, पारखायला मात्र निरुपयोगी.

आता आमचा नियम असा. घाणा काढल्यावर तेल निथळू द्यायचं आणि पाच मिनिटांनी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढायचा. फ्लॅश तेलाच्या चकाकीवर पडून पांढरे ठिपके उठवतो आणि नेमकी कड झाकतो. घाईही नको, कारण कढईतून काढलेला काप गरम असेपर्यंत थोडा रंग धरतच राहतो. कापांच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद आणि आधी पास झालेल्या मालातला एक वेफर ठेवायचा. फोटोत कागद पिवळा किंवा करडा दिसला तर मी रंगावर बोलतच नाही. फोनच्या एडिटमध्ये जाऊन कागद पांढरा दिसेपर्यंत, पिवळा असेल तर रंगाची उबदार झाक कमी करते, करडा असेल तर उजेड वाढवते आणि मगच शेजारच्या वेफरशी तुलना करते. रात्रीच तळण असेल तर फोटो सकाळी. घाई असली तरी सकाळीच.

दुसरी चूक म्हणजे नुसतं "किती काळं" हे बघणं. काळेपणा कुठे आहे, यातून जास्त कळतं. कापात पाणी असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपलं की तो तेलाइतका तापू लागतो आणि रंग भराभर चढतो. पातळ कडेतलं पाणी आधी संपतं. म्हणून मध्य फिका आणि कड तपकिरी असेल, तर तेल जास्त तापलंय किंवा काप कडेला पातळ पडलाय. किसणीचं पातं तिरकं बसलं की हे हमखास होतं. काळे बारीक ठिपके कापावर चिकटलेले असतील तर तो तेलातल्या जुन्या कणांचा मामला. तेल गाळलं की संपतं.

पण एकाच घाण्यात काही काप पिवळे आणि काही सबंध तपकिरी दिसले, तर आचेला दोष देऊ नका. माझ्या कडू मालाची गोष्ट हीच होती. वहिनी म्हणाल्या, "ताई, आच कमी केली, तरी होतंय." त्यांचं खरं होतं, बटाटेच शीतगृहातले होते. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. ही साखर आणि बटाट्यातलं ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल तापलं की रंग येतो. खमंगपणाही त्याच प्रक्रियेतून येतो. साखर जास्त असली की आतून शिजण्याआधीच वरून काळं होतं. बटाट्याच्या एका टोकाला साखर जास्त असेल, तर उभ्या कापलेल्या सळीचं फक्त तेवढं टोक गडद येतं. फोटोत हे स्पष्ट दिसतं, फक्त सळी ढिगात न ठेवता एका थरात पसरायला हवी.

यावर उपाय पोतं फोडल्यावरच करायचा. दोन-तीन बटाट्यांचे काप करून १७० ते १७५ अंशांच्या तेलात तळून बघायचे. लाल झाले तर ते बटाटे भाजीला. काप पाण्यात भिजवून धुतले की वरची साखर निघते आणि फरक पडतो, पण फार गोड झालेला बटाटा धुऊन सुधारत नाही. दोन-तीन आठवडे घरातल्या हवेत ठेवले तर साखर काही अंशी उतरते. वेफर्ससाठी कुफरी चिपसोनासारख्या कमी साखरेच्या जाती मिळाल्या तर अर्धी कटकट वाचते.

आता या रंगाची एवढी काळजी का. चव कडू होते हे आहेच. पण ॲस्परॅजिन आणि साखर १२० अंशांच्या वर, कोरड्या उष्णतेत एकत्र आली की ॲक्रिलामाइड नावाचं रसायनही तयार होतं. अन्नात ते सापडतं हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जाहीर केलं. त्याआधीच, १९९४ साली, कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्याला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं होतं. तो निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून आहे, तेव्हा एका लाल वेफरने घाबरून जाऊ नये. युरोपीय संघात उत्पादकांसाठी बटाटा वेफर्सची मापदंड-पातळी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम आहे. तिच्या वर गेलं तर उत्पादकाने आपली पद्धत तपासायची. फोटोवरून हा आकडा कुणीही सांगू शकत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. एकाच प्रकारचा बटाटा, एकसारखी जाडी असेल तर जास्त गडद म्हणजे जास्त ॲक्रिलामाइड, एवढंच ढोबळ मानता येतं.

तिसरी चूक त्यातूनच होते. एका पदार्थाचा रंग दुसऱ्याला लावला जातो. टोस्टला सोनेरी रंग बरा हे खरं, पण तो नियम चकलीला कसा चालेल? भाजणीतल्या डाळी आधीच भाजलेल्या, वर तिखट, जिरं-धणे. चकली तपकिरीच येणार. अनारसा गुळामुळे तांबडा असतो. कॉफीत तर गडद भाजलेल्या बियांमध्ये हलक्या भाजणीपेक्षा ॲक्रिलामाइड कमी सापडतं, कारण भाजताना ते आधी वाढतं आणि पुढे मोडतं.

त्यामुळे चकलीचा फोटो मी आता मोडलेल्या तुकड्याचा मागते. आत आणि बाहेर रंग जवळपास सारखा असेल तर तो भाजणीचा. बाहेर काळपट आणि आत फिकी असेल तर तेल जास्त तापलं होतं. आणि तरीही शंका राहिली तर वहिनींना लिहिते, "एक खाऊन बघा." कडवटपणा अजून कुठल्या फोटोत आलेला नाही.