चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाचं भाषण: या चुका टाळा

कॉलेजच्या प्रदर्शनात भाषण फसतं ते बहुतेक वेळा आभारांमुळेच. लोक उभे असतात, हॉलला पंखे कमी, मुंबईचा घाम, आणि आपण प्राचार्यांपासून सुरू करून एकवीस नावं वाचतोय. पाचव्या नावानंतर मागची मंडळी हळूच चित्रांकडे सरकली की समजायचं, गेलं.

यादी पूर्णच हवी, पण ती कॅटलॉगमध्ये किंवा दाराजवळच्या बोर्डावर लावा. भाषणात प्रमुख पाहुणे आणि जागा देणारे यांची नावं घ्यायची, ते टाळून चालत नाही, बाकी तीन-चार जण असे निवडा ज्यांचं काम लोकांना समोर दिसतंय. 'फ्रेमवाल्यांचे आभार' हे कोणाच्या लक्षात राहणार, त्याऐवजी 'ही सगळी चित्रं एका लेव्हलमध्ये दिसतायत ना, ते काल रात्री शिपाई काकांनी दोरी धरून लावलीत म्हणून' असं म्हटलं की काकांकडे लोक वळून बघतात. आडनावं आधी विचारून घ्या, चुकीचं आडनाव घेण्यापेक्षा न घेतलेलं परवडलं.

दुसरी चूक थीमची. समजा थीम आहे 'भराव'. मग पोरं सुरू करतात, 'भराव ही केवळ भौतिक प्रक्रिया नसून मानवी अस्तित्वाचं...' अरे थांबा, हे कोणीच ऐकत नाहीये!! यातली गंमत अशी की हे वाक्य 'प्रवास', 'मुळं', 'पाऊस' कुठल्याही थीमला चिकटतं, आणि हीच त्याची टेस्ट. थीमचं नाव बदलूनही वाक्य चालत असेल तर ते काढून टाका.

त्याच्या जागी एक ठोस गोष्ट आणि एक चित्र घ्या. म्हणजे असं:

'आपण मरीन ड्राइव्हवर बसतो ती जमीन आधी समुद्र होती. सात बेटांच्या मधे माती-दगड टाकून हे शहर जोडलं गेलं. आम्हाला प्रश्न पडला, खाली जे दबलं त्याचं काय? डावीकडचं ते मोठं कोलाज बघा, त्यात जुन्या वर्तमानपत्रांवर रंगाचे थर आहेत आणि काही ठिकाणी थर खरवडून खालची अक्षरं दाखवलीयेत. प्रदर्शन बघताना प्रत्येक चित्रात खाली काय आहे ते शोधा.'

बस, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. थीम कळली, बघायचं कसं तेही कळलं. फक्त सगळ्या चित्रांचा अर्थ सांगत बसू नका, आणि उदाहरणाला घेतलेलं चित्र स्वतःचं नको, वाईट दिसतं. ज्याचं घेताय त्याला आधी विचारा, कधीकधी त्याच्या डोक्यात भलतंच असतं.

क्रम असा ठेवा: स्वागत, थीम, आभार, मग पाहुण्यांना फीत कापायला बोलवा. आभार शेवटी ठेवले की टाळ्यांवरून सरळ फितीकडे जाता येतं. एकूण तीन मिनिटं, घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, मनात वाचलं की नेहमी कमीच वेळ लागतो. आणि चहा-वड्याची घोषणा फीत कापून झाल्यावरच!